न्यूकमचा नियम बेनफर्डचा कसा झाला



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते फळ्यावर एखादे प्रमेय मांडताना त्याच्या नावाशेजारी सालही लिहीत. नाव पाठ्यपुस्तकात सापडायचे, साल मात्र शोधावे लागायचे. आणि शोधायला गेले की पुष्कळदा नावाचा आणि सालाचा मेळ बसायचा नाही. हा मेळ का बसत नाही, याविषयी आज बोलायचे आहे.

उदाहरणे हवी तेवढी आहेत. प्रकाशाच्या अपवर्तनाचा नियम आपण स्नेलच्या नावाने शिकतो. स्नेलला तो १६२१ च्या सुमारास सापडला. बगदादच्या इब्न साहलने मात्र ९८४ च्या सुमारास भिंगांच्या आकाराचे गणित मांडताना तोच नियम वापरलेला आहे. संख्याशास्त्रातला घंटेच्या आकाराचा वक्र गाऊसच्या नावावर आहे; द म्वाव्हरने तो १७३३ मध्ये काढला, तेव्हा गाऊसच्या जन्माला अजून ४४ वर्षे होती. १९८० मध्ये स्टीफन स्टिगलर या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने असे विधानच करून टाकले की कोणत्याही वैज्ञानिक शोधाला त्याच्या मूळ शोधकाचे नाव मिळत नाही. या विधानाला त्याने स्वतःचे नाव दिले आणि मूळ कल्पना समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांची असल्याचे त्याच लेखात सांगितले. म्हणजे स्टिगलरचा नियम स्वतःलाही लागू पडतो.

पण अशी यादी कितीही वाढवली तरी तिच्यातून एवढेच कळते की असे घडते. ते कसे घडते, हे कळायचे तर एकच प्रकरण हाती घेऊन त्याच्या मुळापर्यंत जायला हवे. मी आज घेणार आहे ते प्रकरण बेनफर्डच्या नियमाचे. ते निवडण्याचे कारण असे की नावाच्या हेराफेरीबद्दल आपल्या मनात जे सोपे खुलासे असतात, त्यांतला एकही इथे चालत नाही. इथे कुणी कुणाची चोरी केलेली नाही. मोठ्या माणसाने लहान माणसाचे श्रेय खाल्लेले नाही. झाले ते नेमके उलटे. आणि मूळ शोध एखाद्या हस्तलिखितात दडलेलाही नव्हता. तो एका नामांकित नियतकालिकात छापलेला होता.

सुरुवात लॉगटेबलापासून करू. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी अकरावी-बारावीला लॉगटेबल वापरले असेल. आपले ते चार अंकी कोष्टक उघडले की समोरासमोरच्या दोन पानांत संपते, त्यामुळे मी सांगतो ती गोष्ट त्यात दिसणार नाही. खगोलशास्त्रज्ञ वापरत ते सात अंकी कोष्टक, आणि ते म्हणजे एक जाडजूड ग्रंथ. त्यात १०००० पासून ९९९९९ पर्यंतच्या प्रत्येक संख्येचा लॉगॅरिदम असे. एका पानावर पाचशे संख्या धरल्या तर १८० पाने होतात. त्यांतली पहिली २० पाने १ ने सुरू होणाऱ्या संख्यांची, पुढची २० पाने २ ने सुरू होणाऱ्यांची, असे करत शेवटची २० पाने ९ ने सुरू होणाऱ्यांची. प्रत्येक अंकाच्या वाट्याला सारखी पाने आलेली आहेत, हे लक्षात ठेवा.

सायमन न्यूकम हा माणूस हे ग्रंथ दिवसरात्र वापरणाऱ्यांपैकी होता. जन्म १८३५ मधला, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा. १८७७ पासून तो वॉशिंग्टनला अमेरिकेच्या नाविक पंचांगाच्या कचेरीचा प्रमुख होता. जहाजावरच्या अधिकाऱ्याला कोणत्या दिवशी, कोणत्या क्षणी चंद्र कुठे, गुरू कुठे, हे सांगणारी कोष्टके ही कचेरी तयार करी, आणि त्यासाठी गणकांची एक फळी वर्षभर गुणाकार-भागाकार करत बसलेली असे. गुणाकार म्हणजे लॉगॅरिदम बघणे, बेरीज करणे, पुन्हा कोष्टकात उलटे बघणे. अशा कचेरीत लॉगचे पुस्तक सतत कुणाच्या तरी हातात असते.

१८८१ मध्ये न्यूकमने 'अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये एक टिपण छापले. सगळे मिळून दोन पाने. त्याचा प्रारंभच असा आहे की लॉगची कोष्टके भरपूर वापरणाऱ्या कुणालाही हे जाणवल्यावाचून राहत नाही की त्यांची पहिली पाने शेवटच्या पानांपेक्षा फार लवकर झिजतात. म्हणजे गणकांना ज्या संख्यांचे लॉग बघावे लागतात, त्यांत १ ने सुरू होणाऱ्या संख्या पुष्कळ असतात आणि ९ ने सुरू होणाऱ्या थोड्या. मग त्याने प्रमाण सांगितले. १ ने सुरू होणाऱ्या संख्या शंभरात ३०.१०, २ ने सुरू होणाऱ्या १७.६१, ३ ने १२.४९, आणि असे उतरत उतरत ९ ने सुरू होणाऱ्या फक्त ४.५८. आपल्या १८० पानांच्या पुस्तकाचा हिशेब केला तर पहिली २० पाने शेवटच्या २० पानांपेक्षा साडेसहा पट जास्त वेळा उघडली जाणार.

हे आकडे काढायची रीत सोपी आहे. ज्या अंकाचे प्रमाण हवे त्याने १ ला भागा, त्यात १ मिळवा आणि येईल त्याचा लॉग घ्या. १ साठी तो २ चा लॉग येतो, ०.३०१०. न्यूकमने दुसऱ्या जागेवरच्या अंकांचेही कोष्टक दिले. तिथे ० चे प्रमाण सुमारे १२ टक्के आणि ९ चे साडेआठ टक्के, म्हणजे फरक बराच कमी झालेला. चौथ्या अंकापर्यंत गेले की फरक जवळजवळ उरतच नाही, हेही त्याने नोंदवले.

आता हे असे का, ते पाहू. कारण नियम कळल्याशिवाय नावाची गोष्ट कळणार नाही.

एक लाख रुपयांची ठेव दरसाल दहा टक्के चक्रवाढीने वाढते आहे असे धरा. एक लाखाचे दोन लाख व्हायला सव्वासात वर्षे लागतात. एवढा सगळा काळ त्या रकमेचा पहिला अंक १ च राहतो. दोनाचे तीन लाख व्हायला सव्वाचार वर्षे पुरतात. आठावरून नवावर, नवावरून दहावर जाणे तर भराभर होते. नऊ लाखाचे दहा लाख व्हायला तेरा महिने बास. मग रक्कम दहा लाखांची झाली की पहिला अंक पुन्हा १, आणि पुन्हा सव्वासात वर्षे तोच. एक लाखापासून दहा लाखापर्यंतच्या एकूण चोवीस वर्षांत १ चा वाटा सव्वासात वर्षांचा, म्हणजे शेकडा ३०. व्याजाचा दर बदला, वर्षे कमीजास्त होतील, पण हा वाटा हलणार नाही. निसर्गात आणि व्यवहारात जे जे पटीने वाढते, लोकसंख्या, किमती, जिवाणूंची संख्या, तिथे सगळीकडे हेच होते.

ज्यांना हे हातांनी करून पाहायचे आहे त्यांनी २ च्या घातांची यादी लिहावी. २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. दहापैकी तीन संख्या १ ने सुरू होतात, ७ ने आणि ९ ने एकही नाही. ७ ने सुरू होणारा २ चा पहिला घात हा शेहेचाळिसावा आहे, आणि ९ ने सुरू होणाऱ्यासाठी त्रेपन्नाव्या घातापर्यंत थांबावे लागते.

पण नद्यांच्या लांब्या किंवा रसायनांचे रेणुभार काही चक्रवाढीने वाढत नाहीत. तिथे वेगळा विचार लागतो, आणि तो रॉजर पिंकमने १९६१ मध्ये मांडला. तो म्हणाला, पहिल्या अंकांच्या वाटपाचा असा काही सर्वसाधारण नियम असेलच, तर तो मोजमापाच्या एककावर अवलंबून असता कामा नये. नद्या मैलांत मोजा की किलोमीटरमध्ये, नदीला काय त्याचे? आता सगळ्या संख्यांची दुप्पट करू. ५, ६, ७, ८ आणि ९ ने सुरू होणारी कोणतीही संख्या दुप्पट केली की १ ने सुरू होते. म्हणजे दुपटीनंतर १ च्या वाट्याला येणार ते या पाच अंकांचे एकत्रित प्रमाण. नऊही अंकांचे प्रमाण मुळात सारखे असते, तर एका दुपटीत १ चा वाटा नऊपैकी पाच झाला असता. म्हणजे सारखेपणा पहिल्याच एककबदलात मोडला. आता न्यूकमचे आकडे घ्या. ७.९२, ६.६९, ५.८०, ५.१२, ४.५८. बेरीज ३०.११. शेवटच्या घरातला फरक फक्त पूर्णांकनाचा आहे. दुपटीच्या आधी १ चा वाटा ३०.१० होता, नंतरही तोच राहिला. एकक बदलल्याने धक्का लागत नाही असे वाटप हे एकटेच आहे. मला हा युक्तिवाद फार देखणा वाटतो. त्याला शाळेतल्या बेरजेपलीकडे काही लागत नाही.

तर एवढी खोल गोष्ट न्यूकमने दोन पानांत लिहिली. पुढे काय झाले? काहीच नाही. न्यूकम पुढे त्या विषयाकडे वळला नाही. १९०९ मध्ये तो वारला, तोपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ त्या टिपणाची फारशी कुणी दखल घेतली नाही. हे दुर्लक्ष नावाअभावी झाले, असे म्हणता येत नाही. न्यूकम त्या काळातला अमेरिकेतला सर्वांत ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ होता. बुध ग्रहाच्या कक्षेचा टोकबिंदू न्यूटनच्या हिशेबाच्या पुढे सरकतो, तो शतकात ४३ विकला, हा सुधारलेला आकडा १८८२ मध्ये त्यानेच दिला. १९१५ मध्ये आईन्स्टाईनच्या सिद्धांताने ज्याचा उलगडा केला तोच हा आकडा. मर्टननेच एका ठिकाणी दाखवले आहे की विज्ञानात ज्याच्याकडे कीर्ती असते त्याच्याकडेच आणखी कीर्ती जाते. इथे न्यूकमची कीर्ती त्याच्या टिपणाच्या काहीही उपयोगी पडली नाही.

मला कारण दिसते ते टिपणातच. त्यात मोजणी नाही. झिजलेल्या पानांचे निरीक्षण आहे, एक छोटा युक्तिवाद आहे, आणि एकदम उत्तराचे कोष्टक आहे. संशयी वाचक म्हणेल की कोणत्याही पुस्तकाची पहिली पाने जास्तच हाताळली जातात, त्यावरून संख्यांच्या स्वभावाबद्दल काय सिद्ध होते? त्या वाचकाला गप्प करील असा एकही आकडा न्यूकमने गोळा केलेला नाही. शिवाय वाचून झाल्यावर त्या माहितीचे करायचे काय, तेही त्यात नाही. लॉगच्या कोष्टकांची पहिली पाने जाड कागदावर छापा, एवढाच काय तो व्यवहारी निष्कर्ष निघाला असता.

आता सत्तावन्न वर्षे पुढे येऊ. फ्रँक बेनफर्ड हा न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारा भौतिकशास्त्रज्ञ, प्रकाशाच्या मोजमापांतला जाणकार. त्याच्या क्षेत्राबाहेर त्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. १९३८ मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये त्याचा लेख आला. त्याचीही सुरुवात लॉगच्या पुस्तकाच्या मळलेल्या पानांपासूनच होते. न्यूकमचा उल्लेख त्यात कुठेही नाही. दोन माणसांनी एकाच हत्यारावरून, एकमेकांशिवाय, तीच गोष्ट हेरली, हेच सरळ स्पष्टीकरण आहे. लॉगचे पुस्तक १८८१ मध्ये जसे हाताळले जात होते तसेच ते १९३८ मध्येही जात होते, तेव्हा यात नवल वाटायचे कारण नाही.

पुढचा रस्ता मात्र दोघांचा वेगळा. बेनफर्ड मोजायला बसला. त्याने वीस प्रकारच्या याद्या गोळा केल्या आणि एकूण २०,२२९ संख्यांचे पहिले अंक नोंदवले. याद्या तरी किती निरनिराळ्या! ३३५ नद्यांची क्षेत्रफळे. ३,२५९ ठिकाणच्या लोकसंख्या. विशिष्ट उष्णता, रेणुभार, अणुभार. मृत्यूचे दर. 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये छापून आलेल्या संख्या. बेसबॉलच्या १९३६ च्या हंगामातले आकडे. 'अमेरिकन मेन ऑफ सायन्स' या नामकोशातल्या पहिल्या ३४२ माणसांच्या घरांचे क्रमांक. हे सगळे हाताने. संध्याकाळी वर्तमानपत्र समोर घेऊन त्यातल्या प्रत्येक संख्येचा पहिला अंक एका रकान्यात टिकटिक करत जाणारा हा माणूस मला डोळ्यांसमोर दिसतो. सगळ्या याद्यांची सरासरी काढली तेव्हा १ चे प्रमाण शेकडा ३०.६ आले, २ चे १८.५, ९ चे ४.७. सूत्राचे उत्तर ३०.१, १७.६ आणि ४.६.

ही मोजणी निर्दोष होती असे नाही, आणि ते लपवायचेही कारण नाही. एकेक यादी सुटी पाहिली तर काही याद्या सूत्रापासून बऱ्याच दूर जातात. अणुभारांच्या ९१ संख्यांत १ चे प्रमाण ४७.२ टक्के आहे. मेळ बसतो तो सगळ्यांची सरासरी घेतल्यावर. त्याहून गंभीर मुद्दा पर्सी डायकोनिस आणि डेव्हिड फ्रीडमन यांनी १९७९ मध्ये काढला. टक्केवारी पूर्णांकित करताना बेनफर्डने काही आकडे सूत्राच्या जवळ जातील अशा बाजूला ढकलले आहेत, याचा सबळ पुरावा त्यांनी मांडला. संशोधकाने असे करता कामा नये, मग निष्कर्ष बरोबर असो की चूक. खरे तर ढकलाढकली न करताही त्याच्या आकड्यांचा सूत्राशी चांगलाच मेळ बसत होता. त्यामुळे त्याची गरजही नव्हती.

आणि सुट्या याद्या न जुळता सरासरी का जुळते, याचेही उत्तर पुढे मिळाले. ते टेड हिल या गणितज्ञाने १९९५ मध्ये दिले. वेगवेगळ्या स्वभावाच्या अनेक वितरणांतून कोणताही पक्षपात न करता थोड्या थोड्या संख्या उचलल्या, तर ती सुटी वितरणे नियम पाळोत वा न पाळोत, त्यांचे मिश्रण नियमाकडे सरकते. बेनफर्डने भारंभार, एकमेकांशी संबंध नसलेल्या याद्या एकत्र केल्या, हा त्याच्या कामातला ढिसाळपणा वाटला होता. त्याच्यामुळेच उत्तर जुळले होते.

आता नावाकडे येतो. नियमाला नाव देण्याचा अधिकार ना शोधकाला असतो, ना इतिहासकाराला. नाव पडते ते तिसऱ्याकडून, ज्याला ती गोष्ट पुढच्या कामासाठी वापरायची असते आणि थोडक्यात तिचा उल्लेख करायचा असतो त्याच्याकडून. आपल्या सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण रामन परिणामाचे. २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात रामन आणि कृष्णन यांना जे दिसले, तेच त्याच्या काही दिवस आधी मॉस्कोत लांट्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना स्फटिकांत दिसले होते. रामन यांनी ताबडतोब छापले, मॉस्कोच्या जोडीने काही महिन्यांनी. त्याच उन्हाळ्यात बर्लिनच्या पीटर प्रिंगस्हाइम यांनी तो प्रयोग करून पाहिला आणि जर्मन नियतकालिकात त्यावर लिहिताना मथळ्यातच 'रामन परिणाम' असा शब्द वापरला. रशियन पुस्तकांत मात्र त्याला आजही संयुक्त विकिरण या अर्थाचे नाव आहे, त्यात कुणा माणसाचे नाव नाही. म्हणजे नाव कुठे पडले, कुणाच्या हातून पडले, यावरही ते ठरते.

बेनफर्डच्या बाबतीत हे तिसरे लोक लगेच भेटले. त्याच्या लेखाला लागूनच त्या अंकात इलेक्ट्रॉनांच्या विकिरणावर हान्स बेथे आणि सहकाऱ्यांचा महत्त्वाचा लेख छापलेला होता, आणि भौतिकशास्त्रज्ञांनी तो उघडताना शेजारचा लेखही चाळला असे सांगितले जाते. ते काही असो, १९४४ मध्ये सॅम्युएल गाउडस्मिट आणि वेंडेल फरी हे दोन भौतिकशास्त्रज्ञ 'नेचर'मध्ये याच प्रश्नावर लिहीत होते, आणि त्यांच्यापुढे होता तो बेनफर्डचा लेख. पुढच्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलरने पहिल्या अंकांसाठी एक निराळे सूत्र काढले. हा जॉर्ज म्हणजे मघाच्या स्टीफन स्टिगलरचा बाप. सूत्राशी वाद घालायचा असो की त्याची सिद्धता द्यायची असो, ज्याच्याशी भिडायचे असे आकडे एकाच जागी होते, आणि ती जागा बेनफर्डच्या लेखातली ती वीस याद्यांची सारणी. कुणी नवी यादी घेऊन आला तर ती त्या सारणीच्या एकविसाव्या ओळीसारखी ठेवून बघता येत होती. न्यूकमच्या टिपणाखाली अशी ओळ घालायला जागाच नव्हती.

१९७६ मध्ये राल्फ रायमी यांनी या प्रश्नाचा विस्तृत आढावा घेतला. त्यात न्यूकमच्या टिपणाची नीट नोंद आहे. पण तोवर बेनफर्डचे नाव शीर्षकांत, सूचींत, शिकवण्यात इतके मुरले होते की ते काढणे शक्य नव्हते. त्यानंतर नव्वदच्या दशकात मार्क निग्रिनी यांनी हा नियम हिशेबतपासणीत आणला आणि लेखापरीक्षकांच्या सॉफ्टवेअरमध्ये बेनफर्ड हे नाव एका चाचणीचे नाव होऊन बसले. आज ज्यांच्या तोंडी ते सर्वांत जास्त असते त्यांतल्या अनेकांना ते एका माणसाचे आडनाव आहे हेही आठवत नाही.

या चाचणीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिचा गैरवापरही खूप होतो. समजा, एका कार्यालयात पन्नास हजारांपर्यंतची बिले खालच्या अधिकाऱ्याच्या सहीने पास होतात आणि त्यापुढच्यांना वरिष्ठांची सही लागते. वर्षाची दहा हजार बिले तपासायला आली. सूत्राप्रमाणे ४९ ने सुरू होणारी बिले शेकडा ०.८८, म्हणजे दहा हजारांत ८८ च्या आसपास असायला हवीत. ती दोनशे-अडीचशे निघाली, तर मोठे काम तुकडे करून मर्यादेखाली बसवले जाते आहे का, हे तपासायला ऑडिटरला एक जागा मिळाली. फक्त जागा. कदाचित तिथे महिन्याला ४९०० रुपयांचे एक नियमित भाडे जात असेल आणि अनेक शाखांच्या त्याच बिलांनी तो उंचवटा आला असेल. बिले काढून बघितल्याशिवाय कुणावर बोट ठेवता येत नाही.

आणि जिथे नियम लागूच होत नाही तिथे तो लावणे ही तर सर्रास होणारी चूक. प्रौढ माणसांची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, जवळजवळ सगळ्या १ नेच सुरू होतील. आपले मोबाईल क्रमांक ६ ते ९ नेच सुरू होतात, कारण ते कुणीतरी वाटून दिलेले आहेत. ९९, १९९, ४९९ अशा किमती मुद्दाम ठरवलेल्या असतात. संख्या अनेक पटींत पसरलेल्या हव्यात, काही शेकड्यांत, काही लाखांत, आणि त्यांना वर-खाली कृत्रिम कुंपण नको. एवढे पाहिल्याशिवाय ही चाचणी उघडूच नये. मतदानकेंद्रांची मते तर साधारण सारख्या आकाराच्या केंद्रांत मोजलेली असतात, आणि तिथे पहिल्या अंकावरून गैरप्रकार 'सिद्ध' करणारे आलेख निवडणुकीनंतर फिरतात, त्यांना काहीही आधार नसतो.

मग नाव बदलावे का? काही लेखक आता न्यूकम–बेनफर्ड असे जोडनाव लिहितात, आणि मला ते आवडते. पण नुसत्या बेनफर्डच्या नावाने नियम चालू राहिला तरी ती फसवणूक झाली असे मी मानत नाही. सूत्र न्यूकमचे आहे, यात वाद नाही. त्या सूत्राला जगातल्या खऱ्या संख्यांसमोर उभे करण्याचे कष्ट बेनफर्डचे आहेत, त्यांत त्याचा तो पूर्णांकनाचा दोषही आला. पुढच्यांनी ज्याच्या हातून गोष्ट घेतली त्याचे नाव लावले, यात ओळखण्याची सोय आहे, मालकीचा निवाडा नाही. अन्याय होतो तो आपण शिकवताना त्या नावाचा तसा निवाडा करून टाकतो तेव्हा. मुलांना वाटते की १९३८ पूर्वी हे कुणाला ठाऊक नव्हते, आणि जो मोजत बसला त्यालाच सूत्रही सुचले. ही दोन कामे वेगळी आहेत, ती दोन वेगळी माणसे करू शकतात, आणि त्यांत अर्ध्या शतकाहून जास्त अंतर पडू शकते, हे त्यांना कळायलाच हवे.

त्यासाठी फार काही करावे लागत नाही. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की बेनफर्डचा तास घ्यायच्या आधी 'अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स'चा चौथा खंड काढावा आणि ३९ व ४० ही दोन पाने झेरॉक्स करून वर्गात वाटावीत. वाचायला दहा मिनिटे पुरतात. मग मुलांना त्या दिवसाचे वर्तमानपत्र द्यावे आणि त्यातले पहिले अंक मोजायला बसवावे.